पंचावन्नचा उंबरठा आणि शेवटचं सेमिस्टर

बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१२ मध्ये त्याचा निकाल लागला. प्रश्न तसा एका ओळीचा होता. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाला बी.एस्सी. नर्सिंगमध्ये एकूण किमान ५५ टक्के गुण लागतात. विद्यार्थिनीला होते ५४.७१. उच्च न्यायालयाने या आकड्याला जवळच्या पूर्णांकात आणून ५५ मानायला हरकत नाही असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. नियमात ‘किमान ५५’ लिहिलं असेल, आणि आकडा वर ओढून घ्यायची मुभा त्याच नियमात दिलेली नसेल, तर ५४.७१ म्हणजे ५४.७१, असा त्याचा मथितार्थ.

त्याच्या आदल्याच वर्षी ओडिशाच्या न्यायिक सेवेच्या परीक्षेचा असाच वाद तिथे पोचला होता. तिथे अट ४५ टक्क्यांची होती. उमेदवाराला ७५० पैकी ३३७ गुण होते, म्हणजे ४४.९३ टक्के. ७५० चे ४५ टक्के होतात ३३७.५. अर्ध्या गुणाने गाडी हुकली, आणि न्यायालयाने तीही हुकलीच असं सांगितलं.

पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींना हे दोन निकाल माहीत असायला हवेत. याचं कारण असं की ‘साडेचोपन्न आहेत ना, ते पंचावन्नच धरतात’ हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर अजूनही ऐकू येतं. प्राध्यापक होण्यासाठीच्या यूजीसी-नेट परीक्षेच्या माहितीपत्रकात तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत असं सांगताना ते पूर्णांकात न आणता मोजले जातील, असं स्पष्ट छापलेलं असतं. म्हणून शेवटच्या सेमिस्टरला बसण्याआधी सोडवायचं गणित टक्क्यांत मांडू नये, गुणांत मांडावं; आणि उत्तर अपूर्णांकात आलं तर वरचा पूर्ण गुण धरावा. ३३७.५ आलं तर लक्ष्य ३३८.

गणित सोपं आहे, पण त्याचा एक गुणधर्म पटकन ध्यानात येत नाही. तीन वर्षांच्या पदवीत सहा सेमिस्टर असतात. सगळी समान गुणांची आहेत असं धरलं, तर आधीच्या पाच सेमिस्टरची सरासरी ५५ च्या जितकी खाली, त्याच्या पाचपट शेवटच्या सेमिस्टरला वर चढावं लागतं. सरासरी ५४ असेल तर ६० हवेत. ५३ असेल तर ६५. ५० असेल तर ८०. आणि सरासरी ४६ असेल तर शंभरपैकी शंभर. ४५ सरासरीच्या विद्यार्थ्याने शेवटच्या सेमिस्टरला प्रत्येक पेपरात पैकीच्या पैकी मिळवले तरी तो ५५ ला पोचत नाही. चार वर्षांच्या पदवीला आठ सेमिस्टर, म्हणजे तूट सातपट. तिथे ५३ सरासरीवाल्याला शेवटी ६५ पुरत नाहीत, ६९ लागतात. पहिल्या वर्षी ‘नुसतं पास व्हायचं’ म्हणून सोडून दिलेले गुण ही उधारीच असते आणि ती शेवटच्या सेमिस्टरच्या नावावर चढत जाते.

आता एक गुणपत्रिका उदाहरणादाखल मांडू. बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी आहे. पहिली पाच सेमिस्टर प्रत्येकी ५५० गुणांची. तिला मिळाले अनुक्रमे २६४, २८१, २९७, २९२ आणि ३१९. बेरीज १४५३, पैकी २७५०. म्हणजे ५२.८४ टक्के. सहावं सेमिस्टर मात्र ६५० गुणांचं आहे, कारण त्यात शंभर गुणांचा प्रोजेक्ट आहे. पदवी एकूण ३४०० गुणांची झाली. ३४०० चे ५५ टक्के १८७०. त्यातून १४५३ वजा केले की उरतात ४१७. शेवटच्या सेमिस्टरला ६५० पैकी ४१७ हवेत, म्हणजे ६४.१५ टक्के.

बहुतेक मुलं हा हिशेब असा करत नाहीत. ती प्रत्येक सेमिस्टरचे टक्के काढतात, ४८, ५१.०९, ५४, ५३.०९, ५८, आणि सहा पंचावन्न तीनशे तीसमधून त्यांची बेरीज वजा करतात. उत्तर येतं ६५.८२. ६५० गुणांच्या सेमिस्टरला हे झाले ४२८ गुण. म्हणजे या मुलीने गरजेपेक्षा अकरा गुण जास्तीचे डोक्यावर घेतले. फारसं बिघडलं नाही. झाला तर थोडा जास्त अभ्यास होईल.

पण शेवटचं सेमिस्टर ६५० ऐवजी ४५० गुणांचं असतं तर? काही अभ्यासक्रमांत शेवटी पेपर कमी असतात. मग एकूण गुण ३२००, त्याचे ५५ टक्के १७६०, आणि हवेत ३०७, म्हणजे ६८.२२ टक्के. टक्क्यांची सरासरी काढणारी मुलगी मात्र ६५.८२ वरच समाधानी राहणार. तिने ४५० पैकी २९७ मिळवले, घरी पेढे आणले, आणि एकत्रित गुणपत्रिका हातात आली तेव्हा त्यावर ३२०० पैकी १७५०, म्हणजे ५४.६९ टक्के. दहा गुण कमी. पेपर चांगले गेले होते, बेरीज चुकीची होती. सेमिस्टरचे एकूण गुण वेगवेगळे असतील तर टक्क्यांची सरासरी हा आकडा काहीच सांगत नाही. मिळालेले गुण एका बाजूला, कमाल गुण दुसऱ्या बाजूला, अशा दोनच बेरजा खऱ्या.

पहिल्या मुलीकडे परत येऊ. ६५० पैकी ४१७ हा आकडा तिला जड वाटतो, कारण आजवर एकाही सेमिस्टरला तिने साठी ओलांडलेली नाही. पण ते ६५० एकसारखे नाहीत. त्यात प्रोजेक्टचे १०० आहेत, प्रॅक्टिकलचे १५० आणि चार थिअरी पेपरांचे ४००. प्रोजेक्टला वेळेत रिपोर्ट दिला, तोंडी परीक्षेत आपलंच काम नीट सांगता आलं, तर ८० गुण काही आकाशातून पडत नाहीत. प्रॅक्टिकलला जर्नल पूर्ण असेल, सर्टिफाय झालेलं असेल, तर ११५ धरायला हरकत नाही. हे झाले १९५. ४१७ मधून १९५ गेले की चार थिअरी पेपरांत मिळून २२२ उरतात, म्हणजे पेपरामागे साडेपंचावन्न. ६४ टक्क्यांचा डोंगर इतका खाली आला. अर्थात उलटही खरं आहे: प्रोजेक्ट शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याचा उतरवून दिला आणि ५० वर समाधान मानलं, तर तेच तीस गुण थिअरीवर चढतात आणि पेपरामागे ६३ लागतात. लेखी परीक्षेत पेपरामागे साडेसात गुण वाढवणं काय असतं हे ज्याने दिलंय त्याला विचारावं.

इथवर गुणांची गोष्ट. क्रेडिट आणि ग्रेडच्या पद्धतीत हेच गणित वेगळं वळण घेतं, आणि ते वळण फार थोड्यांना दिसतं.

राज्यातल्या अनेक विद्यापीठांच्या तक्त्यात ४० ते ४४ गुणांना ४ ग्रेड पॉइंट, ४५ ते ४९ ला ५, ५० ते ५४ ला ६, ५५ ते ५९ ला ७, ६० ते ६९ ला ८, ७० ते ७९ ला ९ आणि ८० च्या पुढे १० अशी रचना आढळते. म्हणजे ही चढण नाही, पायऱ्या आहेत. ५४ वरून ५५ वर गेलात तर एका गुणात एक पॉइंट. ५५ वरून ५९ वर गेलात तर चार गुण मिळवूनही शून्य. ६० ते ६९ या दहा गुणांत तर कुठेही उभं राहिलं तरी पॉइंट तेवढेच.

समजा प्रवेशाची अट सीजीपीए ६.० अशी आहे. पाच सेमिस्टरचे एसजीपीए ५.४, ५.७, ६.०, ५.९ आणि ६.२ आहेत आणि प्रत्येक सेमिस्टर वीस क्रेडिटचं. बेरीज २९.२. सहा सेमिस्टरला ३६ हवेत, म्हणून शेवटी एसजीपीए ६.८ हवा. शेवटच्या सेमिस्टरला चार क्रेडिटचे पाच विषय असतील, तर पाच विषयांत मिळून ३४ ग्रेड पॉइंट लागतात.

आता दोन विद्यार्थी पाहा. दोघांचेही आधीचे आकडे हेच. पहिल्याला चार विषयांत ५५ आणि एकात ५० मिळाले. पॉइंट ७, ७, ७, ७ आणि ६, बेरीज ३४. सीजीपीए बरोबर ६.०, प्रवेशाचं दार उघडं. दुसऱ्याला तीन विषयांत ५९ आणि दोनांत ५४ मिळाले. पॉइंट ७, ७, ७, ६, ६, बेरीज ३३. एसजीपीए ६.६ आणि सीजीपीए ५.९७. दार बंद. पहिल्याचे एकूण गुण २७०, दुसऱ्याचे २८५. पंधरा गुण जास्त मिळवणारा बाहेर राहिला आणि कमीवाला आत गेला. अन्याय वाटेल, पण तक्ता असाच चालतो आणि तो आधीपासून छापलेला असतो.

यातून अभ्यासाचं वाटपही बदलतं. इंटर्नलचे गुण हाती आले की प्रत्येक विषय आता कुठल्या पायरीच्या किती जवळ आहे हे पाहता येतं. एखादा विषय अंदाजे ५२-५३ ला घुटमळत असेल तर तिथे दोन दिवस जास्त देणं फायद्याचं. जो विषय ६२-६३ ला आहे तो ६९ पर्यंत नेऊन हाती काही लागत नाही. क्रेडिटचं वजनही विसरू नये. चार क्रेडिटच्या विषयातला एक पॉइंट दोन क्रेडिटच्या विषयातल्या दोन पॉइंटांएवढा असतो. सीजीपीए काढताना एसजीपीएची नुसती सरासरी तेव्हाच चालते जेव्हा प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट समान असतात. ते नसतील तर प्रत्येक एसजीपीएला त्या सेमिस्टरच्या क्रेडिटने गुणावं लागतं, आणि मग एकूण क्रेडिटने भागावं लागतं. गुणांच्या बाबतीत जी चूक होते, तीच इथे नाव बदलून होते.

मग ‘५५ टक्के म्हणजे सीजीपीए किती?’ याला एकच उत्तर नाही, आणि सगळ्यात जास्त प्रवेश इथेच अडतात. आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशासाठी असलेल्या जॅम परीक्षेत अनेक वर्षं खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ५५ टक्के किंवा दहापैकी ५.५ अशी अट होती. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ५० टक्के. नंतर ती शिथिल झाली. याच जॅमच्या गुणांवर एनआयटींत प्रवेश देणाऱ्या सीसीएमएन या प्रक्रियेत ५५ टक्क्यांची अट अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी आहे, आणि तिच्या जोडीला सीजीपीए लिहिलाय ६.०. तेच पंचावन्न, एकीकडे ५.५ आणि दुसरीकडे ६. काही विद्यापीठं सीजीपीएतून आधी ०.७५ वजा करतात आणि मग दहाने गुणतात. त्यांच्याकडे ५५ टक्क्यांना ६.२५ लागतो. आणि दहावीच्या सीबीएसई निकालासाठी एके काळी वापरात असलेलं ९.५ ने गुणायचं सूत्र काही मुलं पदवीलाही लावतात. त्या सूत्राने ५.७९ ला ५५ टक्के होतात. हे सूत्र शालेय परीक्षेच्या विशिष्ट पद्धतीसाठी होतं. पदवीच्या गुणपत्रिकेशी त्याचा काडीचा संबंध नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी ज्या संस्थेत जायचं आहे तिच्या माहितीपत्रकात सीजीपीएचा आकडा वेगळा दिलाय का ते पाहावं. दिला असेल तर तोच खरा, टक्क्यांच्या नादी लागू नये. दिला नसेल आणि ‘विद्यापीठाच्या सूत्राप्रमाणे टक्के’ असं म्हटलं असेल, तर आपल्या गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेलं सूत्र घ्यावं आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावं. ते मिळायला वेळ लागतो, आणि कागदपत्रं तपासायच्या दिवशी तोंडी सांगितलेलं सूत्र कोणी ऐकत नाही.

दुसरा गोंधळ ‘ॲग्रिगेट’ कशाकशाचा, याचा. जॅमच्या जुन्या माहितीपत्रकात ते सविस्तर लिहिलेलं असे: भाषा आणि दुय्यम विषयांसह सगळे विषय, सगळी वर्षं मिळून. पण काही ठिकाणी फक्त मुख्य विषयाचे गुण मागतात. शिवाय महाराष्ट्रात काही जुन्या पद्धतींत पदवीचा वर्ग केवळ तृतीय वर्षाच्या गुणांवर ठरत असे. अशा पदवीवर ‘प्रथम वर्ग’ छापलेला असतो आणि सगळ्या वर्षांचे गुण एकत्र केले तर आकडा पंचावन्नच्या खाली येतो. वर दिलेल्या मुलीचंच पाहा. फक्त पाचवं आणि सहावं सेमिस्टर मोजायचं असेल, तर तिला १२०० पैकी ६६० हवेत. ३१९ हाती आहेत, म्हणजे सहाव्याला ३४१ पुरतात, साडेबावन्न टक्के. सगळी वर्षं मोजायची असतील तर ४१७. एकाच मुलीला एकाच परीक्षेत शहात्तर गुणांचा फरक, केवळ माहितीपत्रकातल्या एका ओळीमुळे.

सवलतीचंही तसंच. जॅममध्ये ओबीसींना ५५ होते, तर नेटमध्ये नॉन-क्रीमी लेयर ओबीसींना ५० आहेत. एका परीक्षेत मिळालेली सवलत दुसरीत असेलच असं नाही. जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयरचा दाखला वेळेत नसेल तर अर्ज खुल्या गटात जाऊ शकतो, आणि मग पन्नासच्या हिशेबाने केलेली सगळी तयारी पाच टक्क्यांनी अपुरी पडते.

गुण वाढवायच्या जुन्या वाटाही शेवटच्या सेमिस्टरच्या हिशेबात धराव्यात. राहिलेली केटी ही त्यातली सगळ्यात मोठी. दुसऱ्या सेमिस्टरच्या एखाद्या पेपरात २८ पडून केटी लागली असेल आणि आता तो पेपर ४५ गुणांनी सुटला, तर एकूण बेरजेत सतरा गुण भरतात. केटी सोडवताना मुलं ‘चाळीस मिळाले की झालं’ एवढंच बघतात. खरं तर तो पेपर पंचावन्नच्या लढाईतलाही असतो, आणि शेवटच्या सेमिस्टरच्या नव्या पेपरांपेक्षा ओळखीचा असतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाला टाकणं हा दुसरा मार्ग, पण त्याची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते. पास झालेल्या पेपरात गुण सुधारण्यासाठी पुन्हा बसता येतं का, हे विद्यापीठागणिक बदलतं. अनेक ठिकाणी येत नाही.

आणि वेळ. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला अर्ज भरू देतात, परीक्षा देऊ देतात, तात्पुरता प्रवेशही देतात. पण ठरलेल्या तारखेपर्यंत अट पूर्ण झाल्याचा कागद दाखवावा लागतो. जॅमच्या वेळी ती तारीख ३० सप्टेंबर असे. नेटमध्ये पदव्युत्तर पदवी आवश्यक टक्क्यांसह पूर्ण करायला निकालापासून दोन वर्षं मिळतात. तात्पुरत्या प्रवेशावर फी भरून, होस्टेलची खोली घेऊन बसलेला विद्यार्थी सप्टेंबरअखेर ५४.६९ चा कागद दाखवतो तेव्हा संस्थेच्या हातात फारसं काही नसतं. न्यायालयाने ते आधीच सांगून ठेवलं आहे.

या सगळ्यात कॉलेजांकडून एक साधी गोष्ट व्हायला हरकत नाही. पाचव्या सेमिस्टरची गुणपत्रिका देताना कार्यालयाकडे विद्यार्थ्याचे आधीचे सगळे गुण असतात, शेवटच्या सेमिस्टरचे कमाल गुण आणि क्रेडिटही माहीत असतात. ‘एकूण ५५ टक्क्यांसाठी सहाव्या सेमिस्टरला इतके गुण’ एवढी एक ओळ छापायला काही लागत नाही. पाचव्याचा निकाल उशिरा लागला आणि सहाव्याची परीक्षा तोंडावर आली, तर ती ओळ आणखी कामाची. तोवर विद्यार्थ्यांनी आपापल्या गुणपत्रिका काढाव्यात, मिळालेले आणि कमाल गुण अशा दोन रकाने आखाव्यात, आणि ज्या संस्थेत जायचं आहे तिच्या माहितीपत्रकातली पात्रतेची ओळ वाचून मगच वजाबाकी करावी. परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी.